'वीक' की 'फ्रेल': कवितेच्या ओळीतला एक शब्द कसा पारखावा

खानापूरला रविवारी सकाळी पदवीच्या वर्गातली काही मुलं माझ्याकडे इंग्रजी कविता वाचायला येतात. बहुतेकांचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. मागच्या पावसाळ्यात एका ओळीत 'फ्रेल' हा शब्द आला. मी विचारलं, इथे कवीनं 'वीक' का नाही लिहिलं? नंदगडची एक मुलगी म्हणाली, "सर, दोन्हीचा अर्थ अशक्तच की. कुठलाबी घातला तर काय फरक पडतोय?"

गाइडात तसंच छापलेलं असतं. दोन्ही शब्दांपुढं अशक्त, दुर्बल. शेजारच्या कन्नड मुलाच्या वहीतही 'दुर्बल'च असतं. मीही कॉलेजात हेच पाठ केलं होतं, आणि परीक्षेत एका सुंदर ओळीचं मी काय करून ठेवलं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून त्या रविवारी आम्ही जे केलं ते इथे सविस्तर लिहितो. कवितेचा अभ्यास नुकता सुरू केला असेल तर वही-पेन्सिल घेऊनच वाचा.

आधी दोन्ही शब्द ओळीबाहेर काढून बघा

'वीक' आपल्या रोजच्या बोलण्यात कधीच येऊन बसलाय. पोरगं गणितात वीक आहे. आजोबांची नजर वीक झालीय. बॅटरी वीक आहे, सिग्नल वीक आहे, चहा वीक झालाय. या सगळ्या वाक्यांत एक माप लपलेलं आहे. अमुक इतकी ताकद हवी होती, ती कमी पडली. म्हणून 'वीक'च्या समोर 'स्ट्राँग' नेहमी उभा असतो. चहासुद्धा एक तर वीक नाहीतर स्ट्राँग.

'फ्रेल' मात्र बेळगावपासून कारवारपर्यंत कुणाच्या तोंडी ऐकू येत नाही. तो फक्त पुस्तकात भेटतो. त्यामुळे ओळखीच्या 'वीक'चं माप आपण नकळत त्याच्यावर लावतो आणि चूक तिथेच सुरू होते. इंग्रजीत फ्रेल चहा नसतो, फ्रेल सिग्नल नसतो. फ्रेल असते म्हातारी बाई, लहानशी होडी, कुणाचे तरी खांदे, कुणाची तरी आशा. ज्याच्याकडे पाहताना हात आपोआप पुढे होतो, सांभाळायला, अशा गोष्टी. आणि त्याच्यासमोर 'स्ट्राँग'सारखा ठरलेला जोडीदारही नाही. विरुद्ध अर्थाचा शब्द विचारला तर 'स्टर्डी', 'रोबस्ट' असे दोन-तीन सुचतात, पण एकही चपखल बसत नाही.

मुलांना मी आजीचं उदाहरण देतो. आजी तापानं अंथरुणाला खिळली होती, आता उठून बसते पण पायात बळ नाही, तर ती 'वीक'. पेज-भात पोटात गेला की चार दिवसांत सुधारेल. आजीला काही झालेलं नाही, जेवते, बोलते, पण वय नव्वदीला आलंय आणि मनगट धरलं तर भीती वाटते, तर ती 'फ्रेल'. मराठीत आपण अशा माणसाला एका विशेषणात नाही सांगत. आपण म्हणतो, पिकलं पान आहे. 'फ्रेल'ची सगळ्यात जवळची मराठी मला शब्दकोशात नाही, या वाक्प्रचारात सापडली.

मग शब्दाचं मूळ बघा, पण हातचं राखून

'वीक' आला उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वेइक्र' या शब्दावरून. मुळातला अर्थ मऊ, दाबाखाली नमणारा. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ 'वाइश' आजही 'मऊ' याच अर्थानं वापरतात. 'फ्रेल' फ्रेंचमार्गे आला लॅटिनमधल्या 'फ्राजिलिस'वरून, आणि त्याच्या मुळाशी 'फ्रांगेरे', म्हणजे मोडणे, हे क्रियापद आहे. काचसामानाच्या खोक्यावर 'फ्रॅजाइल' छापलेलं असतं ना, तो याच घरातला.

म्हणजे एक नमतो आणि दुसरा मोडतो.

खानापूरच्या मुलांना हे समजावायला मला फार लांब जावं लागत नाही, कारण इथली माती आणि कुंभारकाम त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. चाकावरून नुकतंच उतरवलेलं ओलं मडकं बोटानं दाबलं तर बसतं, वाकडं होतं. ते वीक. कुंभार त्याला पुन्हा आकार देऊ शकतो. तेच मडकं भट्टीतून निघालं, पातळ कडेचं, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारं, तर त्याला वीक म्हणता येणार नाही. ते आपल्या जागी पक्कं आहे. पण हातातून सुटलं तर संपलं. ते फ्रेल.

एक सावधानी. कवी प्रत्येक वेळी लॅटिन आठवून लिहितो असं नाही, आणि फक्त व्युत्पत्तीवर उभं केलेलं उत्तर परीक्षकालाही पोकळ वाटतं. मुळावरून फक्त प्रश्न घ्यायचा: या ओळीतली गोष्ट दाबाखाली नमतेय, की धक्का लागला तर मोडेल? उत्तर ओळीतच शोधायचं.

आता ओळ घ्या आणि शब्द बदलून बघा

या दोन शब्दांची अदलाबदल फार सोयीची आहे, कारण दोन्ही शब्द एकेकाच उच्चारखंडाचे. ओळीची लय साधारण तीच राहते, त्यामुळे जो फरक जाणवतो तो शब्दाचाच असतो. मी मुलांना ओळ वहीत दोनदा लिहायला लावतो, एकदा कवीची आणि खाली बदललेली. छापील पानावर नुसतं मनात बदलून भागत नाही. हातानं लिहा, आणि मग दोन्ही मोठ्यानं वाचा.

पहिली ओळ इंग्रज कवी टेनिसनची. 'युलिसीस' ही त्याची कविता 1833 साली, जवळचा मित्र आर्थर हॅलम गेल्यानंतर लिहिलेली, आणि 1842 साली छापलेली. म्हातारा राजा आपल्या खलाशांना पुन्हा समुद्रावर चला म्हणतोय. शेवटून दुसरी ओळ अशी:

मेड वीक बाय टाइम अँड फेट, बट स्ट्राँग इन विल

काळानं आणि नशिबानं दुबळे केलेले आम्ही, पण इच्छेत बळकट. आता खाली लिहा:

मेड फ्रेल बाय टाइम अँड फेट, बट स्ट्राँग इन विल

मोठ्यानं वाचलं तर दुसरी ओळ आधी जास्त गोड वाटते, आणि ही गंमत मुद्दाम लक्षात घ्या. 'मेड', 'फ्रेल', 'फेट', तिन्हींत 'ए'चा लांब स्वर आहे. नाद जुळतो. वर्गातल्या निम्म्या मुलांनी 'फ्रेल'लाच मत दिलं होतं. मग टेनिसनसारख्या नादाच्या पक्क्या कवीनं ही संधी का सोडली?

ओळीचा दुसरा अर्धा भाग बघा. तिथे 'स्ट्राँग' उभा आहे, आणि त्याला भिडायला समोर 'वीक'च लागतो. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ही ओळ आहे: शरीराकडे कमी, इच्छेकडे जास्त. एका पारड्यात 'फ्रेल' टाकला तर तराजूच मोडतो, कारण 'फ्रेल' ताकदीच्या मापात बसतच नाही. दुसरं, 'वीक' आणि 'विल' दोन्ही 'व'नं सुरू होतात. ओळीत जे हरवलं ते आणि जे उरलं ते एकाच अक्षरानं बांधलेत. तिसरं, दोन-तीन ओळी आधी तो स्वतःच सांगतो की पूर्वी पृथ्वी-आकाश हलवणारं बळ आता आमच्यात नाही. म्हणजे विषय बळाचाच आहे, आणि बळ मोजूनच सांगायचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते चौथं. हे बोलतोय कोण? युलिसीस स्वतः. 'मी दुबळा झालोय' हे योद्धा मान ताठ ठेवून सांगू शकतो, तो हिशोब आहे. 'मी फ्रेल आहे' म्हटलं की समोरच्याच्या मनात कणव येते, आणि हा माणूस कणव मागणारा नाही. एका शब्दानं सेनापतीची हाक हळहळीत बदलली असती.

म्हणून अदलाबदल करताना नेहमी विचारा: या शब्दातून कोण कुणाकडे बघतंय? 'वीक' माणूस स्वतःबद्दल सहज म्हणतो. 'फ्रेल' बहुतेक वेळा बाहेरून, दुसऱ्याच्या डोळ्यांतून येतो, आणि त्या डोळ्यांत काळजी असते.

दुसरी ओळ, जिथे उलटं घडतं

नंदगडच्या मुलीनं प्रश्न विचारला तो या ओळीवर. कवी डिलन टॉमस, वेल्समधला. मरणाच्या दारात असलेल्या वडिलांना, इतक्या शांतपणे जाऊ नका, असं तो सांगतो. 1951 साली छापलेली ही कविता व्हिलानेल या घाटात आहे: एकोणीस ओळी आणि फक्त दोन यमकं, एक 'नाइट'चं आणि दुसरं 'डे'चं. तिसऱ्या कडव्यात चांगली माणसं येतात. शेवटची लाट निघून जाताना ती रडतात, की

देअर फ्रेल डीड्स माइट हॅव डान्स्ड इन अ ग्रीन बे

त्यांची फ्रेल कृत्यं हिरव्या खाडीत किती झळाळत नाचली असती. खाली लिहा:

देअर वीक डीड्स माइट हॅव डान्स्ड इन अ ग्रीन बे

इथे वर्गात कुणी काही सांगायच्या आधीच एक मुलगा म्हणाला, "सर, हा निकाल लागल्यासारखं वाटतंय." अगदी बरोबर. 'वीक डीड्स' म्हटलं की कवी चांगल्या माणसांच्या कामांना गुण देतोय आणि ते कमी देतोय. कामं कमी पडली, असा ठपका. पण या कवितेत त्यांच्यावर ठपका नाही. त्यांची कामं छोटी होती, हलकी होती, जपायला कुणी नव्हतं, आणि जिथे ती नाचू शकली असती ती शांत खाडी त्यांना मिळाली नाही, हे दुःख आहे.

आता 'डान्स्ड' या क्रियापदाकडे बघा. वीक गोष्ट नाचत नाही, ती खाली बसते, ओल्या मडक्यासारखी. फ्रेल गोष्ट मात्र नाचू शकते, कारण हलकेपणा तिच्या अंगातच आहे. पाण्यावरची लहान होडी लाटेनं मोडेलही आणि त्याच लाटेवर नाचेलही. जे तिचं दुबळेपण तेच तिचं सौंदर्य. 'फ्रेल'मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात, 'वीक'मध्ये नाही. शब्द पारखताना शेजारचं नाम सगळेच बघतात. त्या नामाचं पुढे काय होतं ते सांगणारं क्रियापदही बघा. विशेषणाची खरी परीक्षा तिथे होते.

आणि नाद. ओळीतले ठळक शब्द एका ओळीत मांडा: फ्रेल, डीड्स, ग्रीन, बे. त्यांचे स्वर लिहा: ए, ई, ई, ए. आरशात बघावं तशी रचना आहे. सुरुवातीची विशेषण-नामाची जोडी आणि शेवटची विशेषण-नामाची जोडी एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. 'फ्रेल'चा 'ए' ओळीच्या टोकाला 'बे'मध्ये परत येतो, आणि तोच 'ए' सगळ्या कवितेच्या यमकात, धृपदातल्या 'रेज, रेज'मध्येही वाजत असतो. 'वीक' घातला तर ई, ई, ई, ए. आरसा फुटला.

फळ्यावर हे स्वर लिहिले तेव्हा ती मुलगी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. देवनागरीत हे आपल्याला फार स्वच्छ दिसतं, कारण आपण स्वर कानानं ऐकतो तसा लिहितो. इंग्रजी लिपीत 'फ्रेल' आणि 'बे' यांचं स्वराचं लेखन वेगवेगळं आहे, त्यामुळे तिथे डोळ्यांना हा मेळ पटकन सापडत नाही. ओळ देवनागरीत लिहून घेण्याची सवय म्हणूनच लावून घ्या.

व्यंजनांचंही ऐका. 'वीक' शेवटी 'क'वर थांबतो, दार लावल्यासारखा. 'फ्रेल'चा 'ल' लांबवता येतो आणि हळूहळू विरतो. आपल्याकडे बरेचजण 'फ्रेल' आखूड, 'तेल'सारखा उच्चारतात. तो लांबवून 'फ्रेऽल' म्हणा, तेव्हाच तो ऐकू येतो.

कुठे फसायला होतं

जुन्या इंग्रजीत 'फ्रेल'ला आणखी एक अर्थ होता, मोहाला बळी पडणारा. शेक्सपिअरचा हॅम्लेट, बाप जाऊन महिनाभरात आईनं दुसरं लग्न केलं म्हणून, 'फ्रेल्टी, दाय नेम इज वूमन' असं म्हणतो, तेव्हा त्याला बायकांच्या नाजूक तब्येतीबद्दल काही म्हणायचं नाही. तो मनाच्या ढळण्याबद्दल, रागानं बोलतोय. तिथे 'करुणा', 'कोमलता' असं उत्तर लिहिलं तर सगळंच चुकलं. म्हणून कविता कधीची आहे ते आधी बघा. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये तर दोन्ही शब्द सापडतात, आणि तुलनेला ते फार चांगले आहेत. शिष्यांना प्रार्थनेच्या रात्री जागं राहवत नाही तेव्हा येशू म्हणतो, आत्मा तयार आहे पण देह 'वीक' आहे. एका स्तोत्रात मात्र भक्त देवाला विनवतो की माझ्या दिवसांचं माप मला कळू दे, म्हणजे मी किती 'फ्रेल' आहे ते मला समजेल. पहिल्या ठिकाणी एका रात्री कमी पडलेली ताकद आहे. दुसऱ्या ठिकाणी अख्खं आयुष्यच मोडणारं आहे.

दुसरा धोका म्हणजे प्रत्येक 'फ्रेल'मध्ये खोल अर्थ शोधणं. इंग्रजीत फुलाला 'फ्रेल' म्हणणारे कवी इतके झाले की तो शब्द कित्येकदा नुसत्या सवयीनं येतो, किंवा 'पेल', 'सेल', 'गेल' यांच्याशी यमक जुळवायला ओळीच्या शेवटी बसवलेला असतो. हे ओळखायला एक साधी रीत आहे. शब्द पूर्ण काढून टाका. फूल फूलच राहिलं आणि काही कमी झालं नाही, तर त्यावर परिच्छेद लिहू नका. टॉमसच्या ओळीतून 'फ्रेल' काढला तर नुसती 'कृत्यं' नाचतात, आणि ती का नाचली नाहीत याचं कारणच नाहीसं होतं. शिवाय कृत्यांना कुणी सहसा फ्रेल म्हणत नाही. नेहमीची नसलेली जोडी दिसली की तिथे थांबायचं.

उत्तर लिहिताना

'कवीनं फ्रेल हा शब्द वापरल्यामुळे ओळ भावपूर्ण झाली आहे' हे वाक्य मी दर वर्षी कितीतरी वहीत खोडतो. ते कुठल्याही शब्दाबद्दल लिहिता येईल. त्याऐवजी बदललेली ओळ उत्तरातच घ्या आणि काय तुटलं ते दाखवा. त्या मुलीनं दुसऱ्या रविवारी आणलेलं उत्तर असं होतं: 'इथे वीक लिहिलं असतं तर चांगल्या माणसांची कामं अपुरी होती असा दोष लागला असता. फ्रेल म्हटल्यामुळे ती हलकी आणि सहज मोडणारी वाटतात, आणि हलकी आहेत म्हणूनच पुढचं नाचणं पटतं. फ्रेलमधला ए हा स्वर बे या शब्दात परत येतो, त्यामुळे कामं आणि खाडी कानालाही एकत्र येतात.' तीन वाक्यं, आणि तिन्हींना ओळीत पुरावा आहे. मी त्यात काही बदललं नाही.

मग तिला ओळ मराठीत आणायची होती. 'दुर्बल' तिनं स्वतःच बाजूला ठेवला. 'नाजूक' घातला तर कृत्यं लाडकी, सजवलेली वाटू लागली. 'तकलादू'मध्ये मोडणं आलं, पण सोबत तुच्छताही आली, जणू बाजारातला हलका माल. 'काचेची कृत्यं' तिला फार आवडलं होतं, झळाळीही आली आणि फुटणंही. पण काच पाण्यावर नाचत नाही, बुडते. मी 'फेसासारखी' सुचवलं. ती म्हणाली, "सर, फेस कवीनं म्हटलेलाच नाही. आपण कशाला सांगायचं?" मला ते मान्य करावं लागलं.

शेवटी वहीत पेन्सिलीनं राहिली ती ओळ अशी: 'त्यांची इवली कृत्यं किती झळाळून नाचली असती हिरव्या खाडीत'. 'इवली'त हलकेपण आहे, माया आहे. मोडणं मात्र नाही, आणि त्या शब्दाखाली तिनं एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.